दावा काढून घेण्याची मुभा आणि मुदतीचा हिशेब

न्यायालयात दाखल केलेल्या दाव्यात काही उणीव राहिली आहे, हे पुष्कळदा प्रतिवादीची कैफियत हाती पडल्यावरच वादीच्या ध्यानात येते. अशा वेळी एक सल्ला सहज दिला जातो. "हा दावा काढून घ्या, नव्याने दाखल करण्याची परवानगी मागा आणि नीट तयारी करून पुन्हा या." सल्ला कायद्याला धरून असतो, परंतु अपुरा असतो. न्यायालयाने परवानगी दिली म्हणजे दुसऱ्या दाव्याचे दार उघडले, एवढाच तिचा अर्थ. त्या दारापर्यंत पोहोचण्याची मुदत शिल्लक आहे की नाही, हा प्रश्न संपूर्णपणे वेगळा आहे आणि त्याचे उत्तर परवानगीच्या हुकमात नसते. या दोन गोष्टींची गल्लत झाल्यामुळे वाजवी येणे बुडाल्याची उदाहरणे दिवाणी न्यायालयांत नवी नाहीत.

काढून घेणे आणि मुभेसह काढून घेणे

दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ मधील आदेश २३ नियम १ हा या विषयाचा पाया आहे. या नियमाचे आजचे स्वरूप १९७६ च्या दुरुस्तीनंतरचे आहे. त्यानुसार दावा दाखल झाल्यानंतर वादी केव्हाही संपूर्ण दावा किंवा त्यातील मागणीचा काही भाग सोडून देऊ शकतो. त्यासाठी न्यायालयाच्या परवानगीची गरज नाही. वादी अज्ञान असेल तर मात्र परवानगी लागते, आणि वादी अनेक असतील तर इतरांच्या संमतीवाचून एकट्याला दावा काढून घेता येत नाही.

या स्वातंत्र्याची किंमत त्याच नियमाच्या चौथ्या पोटनियमात सांगितली आहे. परवानगीशिवाय दावा काढून घेणारा वादी प्रतिवादीच्या खर्चास जबाबदार ठरू शकतो आणि त्याच विषयाबाबत त्याला पुन्हा दावा करता येत नाही. आपल्याकडील न्यायालयांत दोन ओळींची पुरशीस देऊन दावा संपवण्याचा प्रघात आहे. 'वादीस दावा पुढे चालवावयाचा नाही, सबब निकाली काढावा' अशी पुरशीस दिली आणि त्यावर 'दावा काढून घेतल्याने निकाली' असा शेरा पडला, की नव्या दाव्याची वाट बंद होते. वादीच्या मनात पुन्हा दावा करण्याचा हेतू होता, याला नंतर काहीही अर्थ उरत नाही. 'त्याच विषयाबाबत' या शब्दांची मर्यादा मात्र लक्षात घेतली पाहिजे. सर्वोच्च न्यायालयाने १९७० मध्ये वल्लभदास विरुद्ध डॉ. मदनलाल या प्रकरणात स्पष्ट केले, की केवळ मालमत्ता तीच असली म्हणून विषय तोच ठरत नाही. दाव्याचे कारण आणि मागितलेली दाद यांचा एकत्रित विचार करावा लागतो.

मुभेसह दावा काढून घेण्याची तरतूद तिसऱ्या पोटनियमात आहे. न्यायालयाची दोहोंपैकी एका गोष्टीबाबत खात्री पटली पाहिजे. एक तर, एखाद्या औपचारिक दोषामुळे दावा निश्चितपणे फेटाळला जाणार आहे. किंवा नव्याने दावा करू देण्यास अन्य पुरेशी कारणे आहेत. औपचारिक दोष म्हणजे वादाच्या मुळाशी न जाणारा, दाव्याच्या बांधणीतील किंवा कार्यपद्धतीतील दोष. शासनाविरुद्धच्या दाव्यापूर्वी संहितेच्या कलम ८० प्रमाणे नोटीस न देणे, दाव्याचे चुकीचे मूल्यांकन, पक्षकारांची अयोग्य जुळणी, दावा मिळकतीच्या ओळखीबाबतचा घोटाळा ही त्याची परिचित उदाहरणे. पुरावा कमी पडला, साक्षीदार उलटतपासणीत कोलमडला किंवा निकाल विरुद्ध जाण्याची लक्षणे दिसू लागली, हे औपचारिक दोष नव्हेत. के. एस. भूपती विरुद्ध कोकिळा या २००० सालच्या निर्णयात सर्वोच्च न्यायालयाने बजावले, की ही परवानगी यांत्रिकपणे देण्याची गोष्ट नाही. विशेषतः प्रकरण अपिलाच्या टप्प्यावर असताना प्रतिवादीच्या पदरात पडलेला लाभ हिरावला जात नाही ना, हे काळजीपूर्वक पाहिले पाहिजे.

मूळ नियम : पहिला दावा जणू झालाच नव्हता

आता मुदतीकडे वळू. आदेश २३ नियम २ सांगतो, की परवानगीने केलेल्या नव्या दाव्यात वादीवर मुदतीच्या कायद्याचे बंधन असे राहील, जणू पहिला दावा कधी दाखलच झाला नव्हता. वाक्य छोटे आहे, पण त्याचा परिणाम मोठा आहे. पहिला दावा मुदतीत होता, तो दोन वर्षे चालला, न्यायालयाने स्वतः परवानगी दिली, या सर्व बाबी मुदतीच्या हिशेबात शून्य धरल्या जातात. मुदतीचे घड्याळ पहिला दावा प्रलंबित असतानाही चालूच राहते.

येथे उशीर माफ करण्याचा अर्जही उपयोगी पडत नाही. मुदत कायदा, १९६३ चे कलम ५ अपिलांना आणि अर्जांना लागू होते, दाव्यांना नाही. कलम ३ तर न्यायालयावरच कर्तव्य टाकते, की प्रतिवादीने हरकत घेतलेली नसली तरी मुदतबाह्य दावा फेटाळला पाहिजे. परवानगी देणाऱ्या न्यायालयाला आपल्या हुकमाने मुदत वाढवून देण्याचाही अधिकार नाही. नवा दावा मुदतीत आहे की नाही, हे त्या नव्या दाव्यातच ठरते आणि प्रतिवादी तो मुद्दा तेथे पूर्ण ताकदीने लढवू शकतो.

अपवाद : कलम १४ चे तिसरे पोटकलम

या कठोर नियमाला मुदत कायद्याच्या कलम १४ ने एक खिडकी ठेवली आहे. अधिकारक्षेत्राच्या अभावी किंवा तशाच स्वरूपाच्या अन्य कारणामुळे जे न्यायालय दाव्याचा निर्णय करू शकत नाही, तेथे वादीने सद्भावाने आणि योग्य तत्परतेने दावा चालवला असेल, तर तो काळ नव्या दाव्याच्या मुदतीतून वगळला जातो. कलमाचे तिसरे पोटकलम आदेश २३ नियम २ चा नावानिशी उल्लेख करून सांगते, की तो नियम काहीही म्हणत असला, तरी परवानगी जर अधिकारक्षेत्रातील दोषामुळे किंवा तशाच स्वरूपाच्या कारणामुळे पहिला दावा फेटाळला जाणार असल्याच्या आधारावर दिली असेल, तर हा काळ वगळण्याचा लाभ मिळेल.

म्हणजे परवानगी मिळण्याचे दरवाजे अनेक आहेत, परंतु मुदतीचा लाभ देणारा एकच आहे. प्रत्येक औपचारिक दोष 'अधिकारक्षेत्राच्या दोषासारखा' नसतो. जी अडचण न्यायालयालाच दाव्याच्या गुणावगुणांत शिरू देत नाही, ती या वर्गात मोडते. पक्षकारांची किंवा दाव्याच्या कारणांची अयोग्य जुळणी या वर्गात धरावी, असे कलमाच्या स्पष्टीकरणातच म्हटले आहे. वादपत्रात महत्त्वाचा मजकूर लिहायचा राहिला, दस्तऐवज जोडला नाही किंवा आवश्यक दाद मागितली नाही, ही कारणे मात्र सामान्यतः या वर्गाबाहेरची ठरतात.

दुसरी अट सद्भावाची. मुदत कायद्यातील सद्भावाची व्याख्या केवळ प्रामाणिकपणावर थांबत नाही. योग्य काळजी आणि लक्ष देऊन न केलेली गोष्ट सद्भावाने केलेली मानली जाणार नाही, असे ती सांगते. दीना विरुद्ध भारत सिंग या २००२ च्या निर्णयात, आणि कलम १४ च्या अटी एकत्र मांडणाऱ्या कन्सॉलिडेटेड इंजिनिअरिंग या २००८ च्या निर्णयात, सर्वोच्च न्यायालयाने तत्परता आणि सद्भाव यांवर भर दिला. दोन्ही कार्यवाही दिवाणी स्वरूपाच्या, त्याच पक्षकाराने चालवलेल्या, त्याच वादविषयाच्या आणि न्यायालयासमोरच्या असल्या पाहिजेत, हेही त्या अटींत येते.

नोंदणी नसलेली भागीदारी : एक हिशेब

या तरतुदी प्रत्यक्षात कशा चालतात, ते व्यापाऱ्यांना वारंवार भेडसावणाऱ्या एका दोषाच्या साहाय्याने पाहू. भागीदारी कायदा, १९३२ चे कलम ६९(२) म्हणते, की नोंदणी न झालेल्या भागीदारी संस्थेला कराराने निर्माण झालेला हक्क त्रयस्थाविरुद्ध दाव्याने बजावता येत नाही. संस्था नोंदलेली हवी आणि दावा करतेवेळी भागीदारांची नावेही निबंधकाच्या नोंदवहीत हवीत. दावा दाखल झाल्यानंतर नोंदणी करून घेतल्याने हा दोष भरून निघत नाही. दिल्ली विकास प्राधिकरण विरुद्ध कोचर कन्स्ट्रक्शन या १९९८ च्या निर्णयात सर्वोच्च न्यायालयाने तसे सांगितले आहे. म्हणून येथे दुरुस्तीचा अर्ज निरुपयोगी ठरतो. नोंदणी करून नवा दावा करणे, हाच मार्ग उरतो.

हलदीराम भुजियावाला विरुद्ध आनंदकुमार दीपककुमार या २००० सालच्या निर्णयात सर्वोच्च न्यायालयाने नमूद केले, की अशा संस्थेला दावा काढून घेऊन नोंदणीनंतर नवा दावा करता येईल आणि नोंदणीचा अभाव हे 'तशाच स्वरूपाचे अन्य कारण' असल्याने कलम १४ चा लाभही मिळू शकेल. त्यासाठी न्यायालयाने सूरजमल दगडूरामजी शॉप विरुद्ध श्रीकिसन रामकिसन या मुंबई उच्च न्यायालयाच्या १९७३ च्या निर्णयाचा हवाला दिला.

आता एक काल्पनिक उदाहरण घेऊ. पुण्यातील एका भागीदारी संस्थेने एका ठेकेदाराला नळजोडणीचे साहित्य उधारीवर दिले. बिलाची रक्कम २ लाख ४० हजार रुपये. ठरलेली उधारीची मुदत १० जून २०२२ रोजी संपली. मुदत कायद्याच्या अनुसूचीतील अनुच्छेद १५ प्रमाणे उधारीचा काळ संपल्यापासून तीन वर्षांत दावा व्हायला हवा. त्यामुळे अखेरची तारीख १० जून २०२५ आली. संस्थेने ३ मार्च २०२५ रोजी दावा दाखल केला. ठेकेदाराने २० जून २०२५ रोजी कैफियत देऊन संस्था नोंदलेली नसल्याची हरकत घेतली. भागीदारांनी लगेच धावपळ करून १८ ऑगस्टला नोंदणी पूर्ण केली, २५ ऑगस्टला मुभेसह दावा काढून घेण्याचा अर्ज दिला आणि १५ सप्टेंबर २०२५ रोजी न्यायालयाने नोंदणीच्या अभावाचे कारण नमूद करून तो मंजूर केला.

केवळ आदेश २३ नियम २ पाहिला, तर मूळ मुदत १० जूनलाच संपली होती. म्हणजे परवानगी मिळण्याच्या तीन महिने आधी. परंतु कलम १४(३) लागू होत असल्याने दावा प्रलंबित असलेला काळ वगळता येतो. कलमाच्या स्पष्टीकरणानुसार दावा दाखल झाल्याचा आणि संपल्याचा, असे दोन्ही दिवस वगळायच्या काळात धरायचे. ३ मार्च ते १५ सप्टेंबर २०२५ हा काळ १९७ दिवसांचा होतो. १० जून २०२५ च्या पुढे १९७ दिवस मोजले, की २४ डिसेंबर २०२५ ही तारीख येते. हाच हिशेब दुसऱ्या बाजूने पडताळता येतो. पहिला दावा दाखल झाला तेव्हा ३ मार्चसह १० जूनपर्यंत १०० दिवस शिल्लक होते. ते शंभर दिवस १६ सप्टेंबरपासून मोजले, तरी २४ डिसेंबरच येतो.

या हिशेबातून एक व्यावहारिक गोष्ट लक्षात येते. कलम १४ नवी मुदत देत नाही. पहिला दावा दाखल करताना जेवढे दिवस हातात होते, तेवढेच परत करते. संस्थेने पहिला दावा ९ जूनला केला असता, तर परवानगीनंतर तिच्या हाती केवळ दोन दिवस उरले असते. आणि पहिला दावाच १० जूननंतर केला असता, तर काहीच परत मिळाले नसते. परवानगीच्या हुकमाची प्रमाणित प्रत मिळवण्यात गेलेले दिवसही येथे वगळले जात नाहीत. ती सवलत कलम १२ ने अपिले आणि ठरावीक अर्ज यांना दिली आहे, दाव्यांना नाही. म्हणून नवे वादपत्र परवानगीच्या अर्जाबरोबरच तयार ठेवणे शहाणपणाचे.

आता उदाहरणात एकच बदल करू. संस्था पहिल्यापासून नोंदलेली आहे. फक्त वादपत्रात पुरवठ्याच्या काही चलनांचा तपशील लिहायचा राहिला आणि त्या कारणासाठी १५ सप्टेंबरला मुभेसह दावा काढून घेतला. न्यायालयाने परवानगी दिली, तरी कारण अधिकारक्षेत्राच्या दोषासारखे नाही. मग नियम २ पूर्ण ताकदीने लागू होतो, मुदत १० जूनलाच संपलेली असते आणि नवा दावा पहिल्या दिवसापासूनच मुदतबाह्य ठरतो. येथे दावा न काढता आदेश ६ नियम १७ खाली वादपत्राच्या दुरुस्तीचा अर्ज देणे हाच योग्य मार्ग होता, कारण मंजूर झालेली दुरुस्ती सामान्यतः मूळ दाव्याच्या तारखेपासून धरली जाते. न्यायालयाला अधिकारक्षेत्रच नसेल, तर वादपत्र योग्य न्यायालयात सादर करण्यासाठी परत मागण्याची सोय आदेश ७ नियम १० मध्ये आहे.

अर्ज कसा असावा

अर्जात तीन गोष्टी स्पष्ट हव्यात. दोष नेमका कोणता, त्या दोषामुळे दावा का टिकणार नाही, आणि तो दोष वादीला केव्हा व कसा कळला. 'काही तांत्रिक अडचणींमुळे' हे शब्द न्यायालयाची खात्री पटवायला पुरे पडत नाहीत, आणि पुढे मुदतीच्या वादात तर ते वादीच्याच अंगावर येतात. कलम १४(३) परवानगी कोणत्या आधारावर 'दिली' हे पाहते. म्हणून कारण अर्जात असून भागत नाही, ते हुकमातही उमटले पाहिजे. केवळ 'अर्ज मंजूर' असा हुकूम असेल, तर कोणत्या कारणासाठी मंजूर, हा वाद दुसऱ्या दाव्यात नव्याने लढावा लागतो.

विनंती एकसंध असावी. म्हणजे दावा काढून घेण्याची तयारी मुभा मिळण्याच्या अटीवरच आहे, हे शब्दांतून दिसावे. न्यायालयाला मुभा देणे योग्य वाटले नाही, तर संपूर्ण अर्ज नामंजूर करून दावा पुढे चालवावा. काढून घेण्याची विनंती तेवढी मान्य करून मुभा नाकारू नये, असा दृष्टिकोन उच्च न्यायालयांनी घेतलेला आहे. तसा हुकूम झालाच, तर तो तेथेच आव्हानित करावा लागतो. न्यायालय परवानगीला अटी घालू शकते. प्रतिवादीला ठरावीक खर्च देण्याची अट नेहमीची असते, आणि खर्च भरल्यावरच नवा दावा करता येईल असे हुकमात असेल, तर ती रक्कम आधी भरून पावती जपून ठेवावी. प्रतिवादीने प्रतिदावा केला असेल, तर वादीचा दावा गेल्यानंतरही तो चालू राहू शकतो, हेही अर्ज देण्यापूर्वी विचारात घ्यावे.

नव्या वादपत्रात आणखी एक काळजी. मूळ मुदत उलटल्यावर दाखल होणाऱ्या दाव्यात मुदतीतून सूट कोणत्या कारणाने मागितली आहे, हे वादपत्रातच लिहिले पाहिजे, असे आदेश ७ नियम ६ सांगतो. पहिल्या दाव्याचा क्रमांक, दाखल झाल्याची व संपल्याची तारीख, परवानगीचे कारण, वगळलेले दिवस आणि त्यावरून येणारी अखेरची तारीख हा तपशील एका परिच्छेदात मांडावा. पहिल्या दाव्याची कैफियतही बारकाईने वाचावी. प्रतिवादीने त्यात मूळ मुदत संपण्यापूर्वी, स्वतःच्या सहीने येणे कबूल केले असेल, तर कलम १८ प्रमाणे त्या तारखेपासून नवी मुदत सुरू होऊ शकते आणि कलम १४ च्या अटी सिद्ध करण्याची गरजच पडत नाही.

सद्भावाचा मुद्दा मात्र तारखांवरूनच ठरतो. वरच्या उदाहरणात हरकत आल्यापासून अर्ज देईपर्यंत दोन महिने आणि पाच दिवस गेले, आणि तो वेळ नोंदणी करण्यात गेला हे दाखवता येते. त्याच संस्थेने हरकत वाचूनही दोन वर्षे तारखा घेतल्या असत्या आणि युक्तिवादाच्या वेळी अर्ज दिला असता, तर त्या दोन वर्षांत तत्परता कोठे होती, या प्रश्नाचे उत्तर देणे तिला कठीण गेले असते. म्हणून दोष कळल्याच्या दिवशी, दावा काढावा की दुरुस्त करावा हे ठरवण्यापूर्वी, कागदावर दोन तारखा लिहून घ्याव्यात: कलम १४ चा आधार न घेता मुदत संपण्याची, आणि तो आधार मिळाल्यास संपण्याची. पहिली तारीख अजून पुढे असेल, तर नवा दावा तिच्या आतच दाखल होईल असे पाहावे. ती उलटून गेली असेल आणि दोष अधिकारक्षेत्राच्या जातीचा नसेल, तर चालू दावा हातचा सोडू नये.